निर्णयासाठी मुदत मागताना

नोकरीच्या प्रस्तावपत्रावर, म्हणजे रोजच्या भाषेतल्या ऑफर लेटरवर, उत्तराची जी अंतिम तारीख छापलेली असते ती उमेदवाराला धाक घालण्यासाठी आहे असा समज सर्रास आढळतो. पण तिच्यामागे बहुतेकदा दुसरा उमेदवार उभा असतो. पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत एका जागेसाठी पसंतीक्रमाने दुसरा आलेला उमेदवार बरेचदा ‘बॅकअप’ म्हणून राखून ठेवला जातो, आणि पहिला नाही म्हणेपर्यंत त्याला होय किंवा नाही असे काहीच कळवता येत नसल्यामुळे तो कधी हातचा जाईल याची टांगती तलवार भरती अधिकाऱ्यावर असते. त्यामुळे मुदत मागणाऱ्याकडे तो जे पाहतो ते किती दिवस मागितले यापेक्षा त्या दिवसांच्या शेवटी उत्तर नक्की येणार आहे की नाही हे असते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर उमेदवाराची स्थिती वाटते तितकी भक्कम नाही. भारतीय करार कायदा, 1872 याच्या पाचव्या कलमानुसार प्रस्ताव देणाऱ्याला स्वीकृती रवाना होण्यापूर्वी तो केव्हाही मागे घेता येतो, आणि सहाव्या कलमानुसार ठरवून दिलेली मुदत उलटली की प्रस्ताव आपोआप संपतो. म्हणून मुदतवाढीची विनंती मूळ मुदत जिवंत असतानाच जायला हवी. सातवे कलम स्वीकृती निखळ, बिनशर्त असावी असे सांगते. येथे शब्दरचनेला महत्त्व येते. इंग्लंडमधील ‘हाइड विरुद्ध रेंच’ या 1840 च्या खटल्यात हजार पौंडांच्या शेतजमिनीसाठी साडेनऊशे पौंड देऊ करणाऱ्याचा मूळ प्रस्तावावरील हक्कच संपला, कारण त्याचे बोलणे प्रतिप्रस्ताव ठरले. उलट 1880 च्या ‘स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन’ मध्ये केवळ विचारणा करणाऱ्याचा प्रस्ताव शाबूत राहिला. ‘पगार इतका केलात तर सोमवारी होकार देईन’ हे वाक्य पहिल्या जातीचे आहे, ‘सोमवारपर्यंत कळवले तर चालेल का’ हे दुसऱ्या जातीचे. आणि पगाराची घासाघीस व मुदतीची विनंती एकाच पत्रात न घालण्याचे हे एक पुरेसे कारण आहे.

आता मुदत किती मागावी, याचे उत्तर उमेदवाराच्या सोयीत शोधण्याऐवजी कंपनीच्या दिनदर्शिकेत शोधणे शहाणपणाचे ठरते. समजा, सोमवार, 3 नोव्हेंबर रोजी पत्र आले, उत्तराची मुदत बुधवार 5 नोव्हेंबर आहे, रुजू होण्याची तारीख सोमवार 9 फेब्रुवारी आहे, सध्याच्या नोकरीतला नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करून द्यायचा काळ, 90 दिवसांचा आहे आणि शुक्रवारी दुसऱ्या एका कंपनीत शेवटची मुलाखत आहे. 10 नोव्हेंबरला राजीनामा दिला तर नव्वदावा दिवस 8 फेब्रुवारीला, रविवारी, पडतो. म्हणजे 10 तारखेच्या सकाळपर्यंत थांबण्याने रुजू होण्याची तारीख एका दिवसानेही सरकत नाही, आणि त्यानंतर मागितलेला प्रत्येक दिवस मात्र कंपनीच्या खिशातून जातो. हा हिशेब उमेदवाराने स्वतः मांडून दाखवला की विनंतीचा सूरच पालटतो.

पत्र आले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी फोन करून, पाठोपाठ ईमेल पाठवणे हा रूढ क्रम आहे. ईमेल इंग्रजीत जाणार असली तरी तिचा आशय असा असावा: ‘प्रस्तावाबद्दल आभारी आहे, या पदावरचे काम मला मनापासून करायचे आहे. पगारातील बदलता भाग आणि आईवडिलांचा आरोग्यविमा या दोन बाबी समजून घेऊन सोमवारी, 10 तारखेला सकाळी 11 पर्यंत पक्के कळवले तर चालेल का? त्या दिवशी होकार दिला तरी 9 फेब्रुवारीची तारीख पाळता येईल.’ दुसऱ्या मुलाखतीचा उल्लेख आपणहून करण्याची गरज नाही, पण थेट विचारल्यास ती नाकारू नये; तसेच न आलेल्या आजारपणाची सबब तर मुळीच सांगू नये, कारण एकाच शहरातल्या भरती अधिकाऱ्यांची आपसात ओळख असते.

ओढ कमी झाल्याचा संशय मुख्यतः तीन गोष्टींनी येतो: फोन न उचलणे, ‘थोडा वेळ’ अशी बिनतारखेची मागणी आणि दुसऱ्यांदा मुदत मागणे. यांतली तिसरी सर्वांत महाग पडते, कारण भरती अधिकाऱ्याने पहिली वाढ आपल्या वरिष्ठाकडून शब्द टाकून मिळवलेली असते. म्हणून शुक्रवारची मुलाखत पुढे ढकलली गेली तर दुसऱ्या कंपनीलाच आपली 10 तारीख सांगून घाई करण्यास विनवावे आणि तरीही उत्तर न आल्यास हातातल्या प्रस्तावावरच निर्णय घ्यावा.

फोनवर ‘ठीक आहे, सोमवारी कळवा’ असे उत्तर मिळाल्यानंतरही एक काम उरते. अनेक कंपन्यांत स्वीकृती पोर्टलवर द्यावी लागते आणि तेथील मुदत संगणकात भरलेली असल्याने अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दाची तिला खबर नसते. ती तारीख बदलून घेतली नाही तर बुधवारी मध्यरात्री स्वीकृतीचे बटण मुकाट्याने बंद होते.