अक्षरांच्या कडेची पिवळी झाक

व्हिडिओतून काढलेल्या फ्रेमवरचं सबटायटल पुसलं, की डाग बहुतेक वेळा अक्षराच्या कडेला पडतो. अक्षर जिथे होतं तिथे काय भरायचं, हे कुणीही महिन्याभरात शिकतो. पण अक्षराच्या काळ्या रेघेबाहेरचे तीन-चार पिक्सेल ना अक्षराचे असतात, ना चित्राचे. व्हिडिओ दाबून लहान करताना अक्षराचा रंग तिथे सांडलेला असतो. हीलिंग ब्रश आतला रंग बाहेरच्या कडेवरून ठरवतो, आणि ती कडच मळलेली असेल तर मळ आत ओढतो. जितक्या वेळा ब्रश फिरवाल तितका डाग पसरतो.

हे मला माहीत होतं, पण पूर्ण दिसत नव्हतं. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि जगातला पिवळेपणा निघून गेला. पांढरं पांढरं दिसू लागलं, आणि सबटायटलच्या पिवळ्या अक्षरांभोवतीची फिकट पिवळी झाकही. तेव्हापासून माझी कामाची रीत बदलली.

माझा स्टुडिओ वडशाचा. झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांची कार्यालयं इथेच, त्यामुळे दिवाळीनंतर पोस्टरांचं काम होळीपर्यंत संपत नाही. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, आणि बाहेरची माणसं कॅमेरे घेऊन या भागात जास्त दिसू लागली. ती चांगल्या लेन्सने चित्रण करतात आणि खाली इंग्रजी सबटायटल भाजून टाकतात. कलावंत गेला, की घरात त्याचा तेवढाच एक बरा चेहरा उरतो, छातीवर दोन ओळी इंग्रजी घेऊन.

अशीच एक मुलगी आईचा व्हिडिओ घेऊन आली. तेरवीला फोटो हवा होता. आई रंगमंचावर, मागे रंगवलेला पडदा, हिरवं लुगडं, उजवा हात छातीपाशी उचललेला. सबटायटलची वरची ओळ लुगड्याच्या काठावरून गेलेली आणि खालची थेट मनगटावरून, गोंदणावरून. मुलगी म्हणाली, “भाऊ, मायचं गोंदण तसंच ठेवा जी.”

आमच्या धंद्यात यावर सोपा उपाय सर्रास चालतो. सबटायटलवर काळी पट्टी टाकायची, पट्टीवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि वरून फुलांचा हार. गिऱ्हाईक रडत असतं, ते काय तपासणार? मला याचा राग येतो. त्या पट्टीखाली बाईचा हात गाडला जातो, आणि नटीचा हात म्हणजे अर्धा अभिनय.

पहिलं काम एका फ्रेमवर अडून न बसण्याचं. सबटायटल दोन-तीन सेकंदांनी बदलतं आणि मध्ये बहुधा दोन-चार फ्रेम कोऱ्या सुटतात. व्हीएलसीमध्ये `E` दाबत एकेक फ्रेम पुढे जाऊन ती जागा हेरायची आणि आजूबाजूच्या सगळ्या फ्रेम पीएनजीमध्ये उतरवायच्या. जेपीजीत उतरवल्या तर दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं जातं.

```
ffmpeg -ss 00:12:40 -i natak.mp4 -t 6 f_%04d.png
```

सहा सेकंदांच्या दीडशे फ्रेम मिळाल्या. कोऱ्या फ्रेमांत चेहरा कामाचा नव्हता, पापण्या मिटलेल्या होत्या, पण लुगड्याचा काठ जसाच्या तसा. चेहरा एका फ्रेमचा, काठ दुसरीचा. इथे एक खोच आहे. दोन्ही फ्रेमांवर अक्षरं असताना फोटोशॉपला लेयर आपोआप जुळवायला सांगितले, तर ते अक्षरांनाही खूण समजू शकतं. बाई हलली तरी अक्षरं जागची हलत नाहीत, आणि मग जुळतात अक्षरं, माणूस नाही. म्हणून मी काठावरचे दोन ठिपके धरून हाताने जुळवतो. दुसरं असं, की अक्षरं गेल्यानंतरच्या फ्रेममध्ये त्यांची सावली थोडा वेळ रेंगाळू शकते. माझा अनुभव सांगतो, अक्षरं यायच्या आधीची फ्रेम जास्त स्वच्छ निघते.

काठ असा भरला गेला. हात राहिला. हात हलता होता, त्याच कोनातला तोच हात दुसऱ्या कुठल्याही फ्रेममध्ये नव्हता. कातडीवर जवळची कातडी क्लोन केली तर गोंदणाचे ठिपके पुसले जातात, आणि दुसरीकडचे ठिपके उचलून ठेवले तर ते त्या बाईचं गोंदण राहत नाही.

पण अक्षरांच्या मधल्या फटींत खरं चित्र शिल्लक असतं. पूर्ण एचडी फ्रेमवर त्या अक्षराची रेघ पाच-सहा पिक्सेलची, वर काळी किनार दोनची. गोंदणाचे बरेच ठिपके या फटींतून डोकावत होते. आता अडचण अशी: झाक घालवायची तर मास्क रुंद हवा, आणि रुंद केला तर फटींतले ठिपके जातात. या चार पिक्सेलांवर मी रात्री घालवल्या.

वाट सापडली ती रंग आणि उजेड वेगळे केल्यावर. अशा व्हिडिओत उजेड प्रत्येक पिक्सेलचा नोंदलेला असतो, रंग मात्र चार पिक्सेलांत मिळून एकदाच. म्हणून पिवळेपणा अक्षरापेक्षा लांब पसरतो आणि काळी किनार जागच्या जागी राहते. फ्रेम लॅब मोडमध्ये नेली. `a` आणि `b` या रंगाच्या चॅनलवर अक्षराबाहेर सहा पिक्सेलपर्यंतचा रुंद मास्क घेतला आणि मनगटाच्या वरच्या कातडीचा रंग त्यात क्लोन केला. रंग मुळातच धूसर, तिथे हरवण्यासारखं काही नव्हतं. मग उजेडाच्या `L` चॅनलवर अरुंद मास्क, किनारीबाहेर जेमतेम एक पिक्सेल घेऊन, आणि क्लोन स्टॅम्प हाताच्या लांबीच्या दिशेने. हीलिंग ब्रश सगळ्यात शेवटी, कड स्वच्छ झाल्यावर. फटींतले ठिपके जागेवर राहिले. ज्या तीन ठिपक्यांवरून अक्षराची रेघच गेली होती, ते हात किंचित वळलेल्या आधीच्या फ्रेममधून आणून बसवले.

त्यानंतरही तो भाग जरा जास्तच गुळगुळीत दिसत होता. आजूबाजूला रात्रीच्या उजेडातले दाणे, आणि भरलेल्या जागी एकही नाही. वरून करड्या लेयरवर बारीक नॉइज टाकून तो अर्धा पिक्सेल ब्लर केला, तेव्हा दोन्ही भाग एक झाले. तपासायला मी वर एक कर्व्हज लेयर चढवतो आणि वक्र नागमोडी, अगदी उभा करतो. चित्र विद्रूप होतं, पण लपलेला डाग ढगासारखा वर येतो. फोटो मोठा करणं आणि शार्प करणं या तपासणीनंतरच. शार्पन आधी केलं तर प्रत्येक जोड उघडा पडतो. 1080 ओळींच्या फ्रेममधून मी बारा इंच उंचीपलीकडे प्रिंट देत नाही. मुलीला दीड फूट हवा होता, तो मी दिला नाही.

माझी हौस सांगायची तर मला अजूनही हाताने केलेलं क्लोनिंगच आवडतं. काठ दुसऱ्या फ्रेममधून आयता मिळाला, तेव्हा काम चोख झालं, पण मनातून मी खट्टू होतो. तो काठ मला स्वतः रंगवायचा होता, आणि कुणीतरी विचारावं असं वाटत होतं, हा भाग तुम्ही केला का. मुलीने फोटो घेतला, मनगटावर बोट ठेवून ठिपके मोजले, आणि पैसे विचारले. अक्षरं कुठे होती ते तिने विचारलं नाही, आणि ते न विचारल्याचा मला फार अभिमान वाटला.

आता त्याच नाटकातल्या खलनायकाचा फोटो आलाय. त्याच्या अंगात पांढरा सदरा आणि वर पांढरीच अक्षरं. पिवळी झाक नाही, म्हणजे लॅबचा उपयोग थोडाच. तिथे काळी किनार हीच एक खूण, आणि सदऱ्याच्या चुण्याही तेवढ्याच काळ्या.