आजीचा शालू

उरला, रविवार. कारखान्यांची काळी धूळ दोरीवरून पुसली आणि आजीचा शालू सावलीत पसरला. तिच्या लग्नाच्या विटलेल्या कृष्णधवल फोटोत मी अंदाजाने लाल रंग भरला होता. "हा माझा नव्हे गं," ती म्हणाली. तशा फोटोत लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेचे दिसू शकतात. तिथेच मी फसले. शालू घड्यांवर विटलाय, पण पदराच्या दुमडीत मूळ हिरवा शाबूत आहे. खिडकीच्या उजेडात त्याचाच फोटो घेतला, तो रंग करड्यावर पातळ चढवला, निऱ्यांच्या सावल्या तशाच ठेवल्या.

आजी बराच वेळ बघत राहिली. मग पडद्यावर पदरापाशी बोट टेकवलं. "इथं हळद सांडली होती."

तो डाग मी ओरखडा समजून पुसला होता. आता परत आणतेय.