टाकीवरची घंटा आणि सहा नियम

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी जुलैमध्ये मी मुख्याध्यापक साहेबांना एक पत्र लिहिलं. मुलांनी घरासाठी लहानसहान स्वयंचलित उपकरणं बनवावीत आणि त्यासाठी शाळेत एक मंडळ असावं, अशी मागणी त्यात होती. ते पत्र इथे देते आहे, कारण ज्या घरात आठवी-नववीतलं मूल आणि एक मोबाइल आहे, त्या प्रत्येक घराचा हा प्रश्न आहे.

त्याआधी काय झालं ते थोडक्यात सांगते. नववीतला एक मुलगा प्लास्टिकच्या जेवणाच्या डब्यात बसवलेलं एक यंत्र वर्गात घेऊन आला. मोबाइलवरून बल्ब लावायचा आणि विझवायचा, असं ते होतं. सगळं त्याने व्हिडिओ पाहून जोडलेलं. हुशारी होती, यात शंका नाही. पण डबा उलटा केला तर रिलेच्या पट्टीची खालची बाजू उघडी होती. पिन लावली असती तर तिथल्या झाळलेल्या टिकल्यांवर घरातला 230 व्होल्टचा पुरवठा आला असता, आणि डबा उचलताना बोटं नेमकी तिथेच लागली असती. मी पिन लावू दिली नाही. ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली आणि त्यांनी सांगितलं, "बाई, शाळेत हे प्रकार बंद." त्यांची काळजी खरी होती. पण शाळेत बंद झालेलं काम घरी सुरूच राहतं, आणि तिथे डबा उलटा करून पाहणारं कुणी नसतं. म्हणून हे पत्र.

मा. मुख्याध्यापक साहेब यांस,

सलाम.

विषय : आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी 'घरगुती उपकरण मंडळ' सुरू करण्याची परवानगी मिळणेबाबत.

आपण केलेली मनाई योग्य कारणासाठी होती, हे मान्य करूनच मी ही विनंती करते आहे. मंडळ दर शनिवारी शाळेच्या वेळेतच, विज्ञान प्रयोगशाळेत, माझ्या देखरेखीखाली भरेल. मुलं बारा, म्हणजे तिघांचे चार गट. मुलींनाही येता यावं, म्हणून सुट्टीनंतर कुणालाही थांबवणार नाही. एका गटाचं साहित्य 800 रुपयांच्या आत बसेल आणि ते शाळेच्या कपाटातच राहील.

पहिल्या सहामाहीत चारही गट एकच वस्तू बनवतील : टाकी भरल्याची घंटा. आपल्या वस्तीत नळाला फजरच्या सुमारास पाणी येतं. कुणाचं लक्ष नसलं की गच्चीवरची टाकी भरून वाहू लागते आणि निम्मं पाणी गल्लीत जातं. गरज प्रत्येक घराची आहे, आणि ती भागवायला 230 व्होल्टला हात लावावा लागत नाही.

ही घंटा मुलं तीन टप्प्यांत करतील, कारण प्रत्येक टप्प्यात ती वेगळ्या तऱ्हेने फसते आणि शिकण्यासारखं आहे ते त्यातच.

पहिल्या टप्प्यात टाकीच्या तोंडाशी तांब्याच्या दोन उघड्या तारा सोडायच्या. पाणी त्यांना टेकलं की मंडल पूर्ण होतं आणि बझर वाजतो. व्हिडिओंमध्ये बहुधा हीच पद्धत असते, आणि पहिल्या दिवशी ती छान चालते. पण बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. त्यामुळे धन बाजूची तार झिजते आणि हिरवी पडते, तर ऋण बाजूच्या तारेवर पांढरा क्षार चढतो. काही आठवड्यांत टाकी भरूनही घंटा वाजत नाही. शिवाय झिजलेलं तांबं जातं ते आपल्या वापराच्या पाण्यातच. मुलांनी हे काचेच्या बरणीत करून पाहावं, टाकीत नाही.

दुसऱ्या टप्प्यात फ्लोट स्विच येतो. हा एक पोकळ तरंगता गोळा असतो. त्यात चुंबक असतं आणि मधल्या दांड्यात बंद नळीतला छोटा स्विच. पाण्याने गोळा वर उचलला की चुंबक त्या स्विचला जोडतं. वीज पाण्याला शिवतही नाही, म्हणून झिजायला काही नाही. तीन पेन्सिल सेल, बझर आणि हा स्विच एका ओळीत जोडले की काम झालं. पण यातही खोट आहे. गच्चीवरून स्वयंपाकघरात येणारी वायर मध्येच तुटली तर बझर गप्प राहतो. टाकी रिकामी असतानाही तो गप्पच असतो. घरच्यांना या दोन शांततांमधला फरक कळत नाही.

तिसऱ्या टप्प्यात हाच दोष उलटवायचा. या स्विचचा गोळा काढून उलटा बसवला की त्याचं काम उलटं होतं : टाकी भरलेली नसताना तो जोडलेला राहतो आणि भरली की तुटतो. मधे अर्डुइनोची पट्टी ठेवायची आणि तिला इतकंच सांगायचं की जोड सलग पाच सेकंद तुटलेला दिसला तर घंटा वाजव. पाच सेकंद अशासाठी की नळाच्या धारेने पाणी हलतं, गोळा नाचतो आणि त्या नाचण्यावर घंटा वाजायला नको. आता वायर तुटली तरी पट्टीला जोड तुटलेलाच दिसेल आणि घंटा वाजेल. टाकी अर्धी असताना घंटा वाजली, तर वायर पाहायला हवी, हे घरच्यांना आपोआप कळेल. प्रत्येक गटाने आपलं यंत्र सगळ्यांसमोर मांडायचं आणि मी कात्रीने त्याची वायर कापायची, अशी परीक्षा ठेवणार आहे. घंटा वाजली तर गट उत्तीर्ण.

हीदेखील पूर्ण खात्री नव्हे. उंदराने वायर कुरतडली आणि आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर पट्टीला जोड शाबूत दिसेल आणि टाकी वाहत असताना घंटा गप्प राहील. म्हणून महिन्यातून एकदा गच्चीवर जाऊन गोळा हाताने हलवून पाहायचा आणि तारीख वहीत लिहायची.

मंडळाचे नियम असे असतील :

1. विद्यार्थ्याने बनवलेल्या कोणत्याही वस्तूत 12 व्होल्टपेक्षा जास्त दाब असणार नाही. पुरवठा पेन्सिल सेलचा किंवा बीआयएसचं चिन्ह असलेल्या मोबाइल चार्जरचा. चार्जर उघडायचा नाही.

2. रिले मंडळात वर्ज्य. बल्ब, पंखा, मोटर काहीही जोडायचं नाही. यंत्र सूचना देईल, बटण माणूस दाबेल.

3. जुन्या मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या बॅटऱ्या आणायच्या नाहीत. त्यांची टोकं चुकून जुळली किंवा त्यांना खिळा लागला, तर त्या पेट घेऊ शकतात.

4. कॅमेरा आणि मायक्रोफोन नाही. आपल्या घराचं यंत्र शेजारच्या घरातलं काही पाहणार किंवा ऐकणार नाही.

5. प्रत्येक गटाने बनवण्याआधी एका कागदावर लिहून द्यायचं : हे बिघडलं तर कसं बिघडेल आणि घरच्यांना ते कसं कळेल? उत्तर नसेल तर साहित्य मिळणार नाही.

6. पालकांची लेखी संमती, उर्दू आणि मराठी दोन्हींत. यंत्र घरी नेण्याआधी मी तपासून सही करीन.

दुसऱ्या नियमावर मुलं नाराज होतील, हे मला माहीत आहे. घंटा वाजतेच आहे तर मोटरही तिनेच बंद करावी, असं ते म्हणतील. पण अर्ध्या अश्वशक्तीची साधी मोटरही चालू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. बाजारातल्या छोट्या निळ्या रिलेवर 10 अँपिअर छापलेलं असतं, पण अशा झटक्यांनी तिच्या आतले संपर्क एकमेकांना चिकटू शकतात. मग पट्टी 'बंद' म्हणते आणि मोटर चालूच राहते. ज्या घराला मोटर आपोआप बंद व्हायला हवी आहे, त्यांनी तयार कंट्रोलर परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. हे काम मुलांचं नाही, आणि ते का नाही हे मुलांना कळणं हाही अभ्यासच आहे.

परवानगी मिळावी, ही विनंती. कळावे.

आपली,
विज्ञान शिक्षिका

साहेबांनी पत्र तीन दिवस ठेवून घेतलं. मग बोलावलं, तेव्हा त्यांच्या हातात पेन्सिलीने खुणा केलेला कागद होता. नियमांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांचा प्रश्न एकच होता : "बाई, चार्जरवर चालणारी ही घंटा लाइट गेल्यावर काय करणार? नळाला पाणी तर लाइट नसतानाही येतं."

प्रश्न रास्त होता. मोटरने टाकी भरणाऱ्यांची मोटरही लाइटबरोबर बंद पडते, पण खालच्या मजल्यावर नळाच्या दाबानेच टाकी भरणारी घरं आपल्या वस्तीत पुष्कळ आहेत. पॉवर बँक लावावी म्हटलं, तर इतक्या कमी प्रवाहाला बऱ्याच पॉवर बँका 'काही जोडलेलं नाही' असं समजून स्वतःच बंद होतात. म्हणून आम्ही यंत्रावर एक हिरवा दिवा वाढवला. तो दर काही सेकंदांनी लुकलुकतो. लुकलुकणं थांबलं की घंटेवर विसंबायचं नाही, पूर्वीसारखं गच्चीवर जाऊन पाहायचं.

साहेबांनी सातवा नियम स्वतःच्या हाताने लिहिला : प्रत्येक यंत्रावर ठळक अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवावी, आणि हे यंत्र केव्हा भरवशाचं नाही ते त्या घराला वाचता येईल अशा भाषेत लिहावं.

डिसेंबरपर्यंत चारपैकी तीन गटांची यंत्रं कात्रीच्या परीक्षेत उतरली. चौथ्याची घंटा वायर कापल्यावर वाजली नाही. गोळा आणि पट्टीला दिलेली सूचना, दोन्ही उलटं करायचं राहून गेलं होतं. त्या गटाने गोळा तिथेच काढून उलटा बसवला, सूचनाही बदलली, वायर जोडली आणि मला कात्री परत दिली. डबा घेऊन आलेला तो मुलगा याच गटात आहे. त्याच्या घरच्या यंत्रावरची चिठ्ठी त्याच्या दादीने सांगितली आणि त्याने उर्दूत लिहिली : "हिरवा दिवा लुकलुकत नसेल तर वर जाऊन बघा, माझी वाट पाहू नका."