रविवारची सकाळ

मागच्या वर्षी मे महिन्यात अब्बांनी मला दोनदा विचारलं, ''तू किस आगार का है?'' पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा हसू आलं नाही. अब्बांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरी केली. आता त्यांचं वय एक्याऐंशी आहे. त्यांच्या आठवणी लिहून घ्यायच्या, निदान त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायच्या, असं मी सहा वर्षं म्हणत होतो. सहा वर्षांत एकदाही बसलो नाही, कारण ठरलेलं होतं. वेळ नाही.

वेळ नाही म्हणजे नक्की किती नाही, हे एकदा मोजावं असं तेव्हा मनात आलं. पीटर ड्रकर या व्यवस्थापनतज्ज्ञाचं 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' मी पूर्वी कधीतरी वाचलं होतं. त्यातलं एक सांगणं लक्षात राहिलं होतं. वेळेची नोंद आठवणीवर विसंबून करायची नाही, काम होतं त्याच वेळी करायची, आणि तीन-चार आठवडे सलग करायची. मी दोनशेपानी वही घेतली आणि दिवसाला अठ्ठेचाळीस ओळी आखल्या. एक ओळ अर्ध्या तासाची. पण त्याआधी पहिल्या पानावर माझा अंदाज लिहून ठेवला. शाळा आणि घर सोडून मी ज्या ठरावीक गोष्टींना बांधलेला आहे, त्यांना आठवड्याला पंधरा तास लागत असतील.

तीन आठवड्यांनी बेरीज केली. आठवड्याचे तास १६८. झोप ४९. शाळा आणि जाणं-येणं धरून ५१. जेवण, आंघोळ, नमाज, बाजार, मुलांचा अभ्यास मिळून ३५. उरले ३३. त्यातले २७ तास त्या बांधलेल्या गोष्टींत गेले होते.

बारा तासांची चूक कशी झाली? मी फक्त 'मुख्य' वेळ धरला होता. पुरवणीतलं साप्ताहिक सदर मी तीन तासांचं समजत होतो. वहीत ते सात तास निघालं, कारण वाचन, दोन फोन, दुरुस्त्या आणि छापून आल्यावर येणाऱ्या प्रतिक्रियांना उत्तरं हे सगळं सदरातच मोडतं. मोहल्ल्यातल्या वाचनालयाचा मी खजिनदार. महिन्याला दोन तासांची एक बैठक, म्हणून मी आठवड्याला अर्धा तास धरला होता. प्रत्यक्षात चार तास. वर्गणी, जमाखर्चाची वही, अनुदानाचे कागद, ऑडिटरकडे चकरा. शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटाचा मी ॲडमिन, त्याला मी शून्य लिहिलं होतं. दहा-दहा मिनिटं करत तेही तीन तास झाले होते.

एक गोष्ट मात्र वहीत आलीच नाही. आमची व्याख्यानमाला डिसेंबरात असते आणि मी नोंद ठेवली जूनमध्ये. तीन आठवड्यांच्या नोंदीत वर्षातून एकदा येणारी कामं सुटतात. त्यासाठी गेल्या वर्षीची डायरी काढून बसावं लागलं. व्याख्यानमालेचे वर्षाला ७८ तास निघाले, म्हणजे आठवड्याला दीड. एकूण साडेअठ्ठावीस. उरले साडेचार, आणि तेही तुकड्या-तुकड्यांत.

आता काय काढायचं? आधी मी प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण दिले. त्याचा काही उपयोग झाला नाही. सगळ्यांना सात-आठ मिळाले, कारण ज्याला किंमतच नाही अशी गोष्ट मी कशाला करत आलो असतो? मग जोड्या लावल्या. आठ गोष्टींच्या अठ्ठावीस जोड्या होतात. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न. पुढच्या वर्षी या दोनपैकी एकच करता येणार असेल, तर कोणती? जिला निवडलं तिला एक गुण.

शनिवारचा फुकट शिष्यवृत्ती वर्ग सातही जोड्या जिंकला. आपाकडचं सांगलीचं रविवारचं जेवण सहा, सदर पाच. तळाला व्हॉट्सॲप गट शून्यावर, त्याच्या वर भिशी एकावर. मधे मात्र घोळ झाला. सकाळचा कट्टा, वाचनालय आणि व्याख्यानमाला या तिघांना तीन-तीन गुण मिळाले. कट्टा मी वाचनालयाच्या वर ठेवला होता, वाचनालय व्याख्यानमालेच्या वर आणि व्याख्यानमाला कट्ट्याच्या वर. हे गोल फिरणं म्हणजे चूक झाल्याची खूण असते. मी प्रत्येक जोडीत मोजपट्टी बदलत होतो. कट्ट्याची बाजू घेताना 'मला काय आवडतं' हे पाहत होतो आणि व्याख्यानमालेची बाजू घेताना 'लोक काय म्हणतील' हे.

म्हणून या तिघांसाठी ड्रकरचाच एक प्रश्न घेतला. हे मी केलंच नाही तर काय होईल? कट्ट्यावर गेलो नाही तर दोन मित्र घरी येतील विचारायला. व्याख्यानमालेतून निघालो तर वक्त्यांना फोन करणारं दुसरं कुणी नाही, ती त्या वर्षी बंद पडेल. वाचनालयाची खजिनदारी सोडली तर? समितीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. माझ्यापेक्षा हिशेब त्यांना जास्त कळतो. काहीही बिघडणार नाही.

हे उत्तर माझ्या घशाखाली उतरेना. कारण ते वाचनालय अब्बांनी आणि त्यांच्या चार सोबत्यांनी सुरू केलेलं. पहिली पुस्तकं आमच्याच घरातल्या पत्र्याच्या पेटीतून गेली होती. अकरा वर्षं मी खजिनदार राहिलो तो हिशेबाच्या आवडीने नाही. अब्बांचा मुलगा म्हणून राहिलो.

मग आधी सोपं ते करून पाहिलं. गटाचं ॲडमिनपद एका मित्राकडे दिलं आणि सूचना बंद केल्या. कागदावर आठवड्याचे तीन तास सुटले, पण हातात काही आलं नाही. बसची वाट पाहतानाची दहा मिनिटं आणि जेवणानंतरची दहा मिनिटं एकत्र शिवून त्यांचा एक तास होत नाही. भिशीला हात लावला नाही. क्रमाने ती खाली होती, पण आठवड्याला तासभरच खाते आणि सोडताना सात घरांत नाराजी होते. नुसता क्रम पाहून काढायचं नसतं. क्रमाशेजारी तास लिहायचे, आणि ते तास कधीचे आहेत तेही लिहायचं.

हे 'कधीचे' मला उशिरा सुचलं. अब्बा सकाळी नऊ ते बारा छान असतात. नावं आठवतात, गावं आठवतात. दुपारनंतर ढग येतात आणि मगरिबच्या सुमारास ते कधीकधी मला मामू समजतात. मला हवी होती ती वेळ सकाळची, सलग दोन तासांची आणि सुट्टीच्या दिवसाची. म्हणजे आठवड्यात एकच जागा, रविवारची सकाळ. वही उघडून तिन्ही रविवार पाहिले. नऊ ते एक, वाचनालय.

सदर गुणांत तिसरं होतं म्हणून ते काढलं नाही, पंधरवड्याचं करून घेतलं. संपादक लगेच तयार झाले. सातचे साडेतीन तास होतील असं वाटलं होतं, झाले साडेचार. वेळ जास्त मिळाला की लेख लांबतो. तरी अडीच तास वाचले. रविवार मात्र वाचनालयाकडूनच घ्यायचा होता.

अब्बांना सांगायला मी चार दिवस घेतले. एका सकाळी चहाबरोबर सांगितलं की मी वाचनालयाची खजिनदारी सोडतोय. ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मला वाटलं, विसरले. मग म्हणाले, ''हिसाब जमा किया?''

एसटीत गाडी आगारात लागली तरी कंडक्टरची ड्यूटी संपत नाही. वे-बिल आणि रोकड जमा करायची, तिकिटांचा मेळ लावायचा, मग घरी. अब्बांना मी सोडण्याचं वाईट वाटलं नव्हतं. अर्धवट सोडीन याची काळजी होती.

ती काळजी रास्त होती. सोडणं फुकट झालं नाही. सभेत ठराव, बँकेतल्या सह्यांची बदली, अकरा वर्षांच्या पावत्यांचा मेळ. दोन महिने वाचनालयाला चारच्या जागी सहा तास लागले. पहिल्याच महिन्यात हिशेब केला असता तर 'वेळ वाढला, योजना फसली' असंच दिसलं असतं.

पुढची चूक माझीच. मोकळा झालेला पहिला रविवार एका वलीम्यात गेला, दुसरा गाडीच्या सर्व्हिसिंगला, तिसरा असाच. रिकामी जागा दिसली की कुणीतरी तिथे सतरंजी टाकतं. शेवटी शिष्यवृत्तीच्या वर्गाला लावतो तोच नियम इथे लावला. कॅलेंडरवर वेळ लिहिली आणि घरात सांगून टाकलं की रविवारी नऊ ते अकरा मी गावात नाही.

ऑक्टोबरपासून अकरा रविवार झाले. सहा वर्षांपूर्वी बसलो असतो तर किती मिळालं असतं, हे कुठल्या वहीत निघणार नाही. काही रविवारी ते दोन वेगळ्या रूटची गावं एकात मिसळतात. मी दुरुस्त करत नाही, फक्त शेजारी खूण करून ठेवतो. मागच्या खेपेला त्यांनी सांगितलं की पुरात गाडी अडकली तेव्हा रात्रभर चाळीस माणसं एका शाळेत होती आणि गावच्या बायकांनी भाकऱ्या थापून आणल्या. मी विचारलं, गाव कोणतं? ते म्हणाले, नाव गेलं, पण भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा होता.

वहीत मी आता पुन्हा तीन आठवडे नोंद ठेवतोय. वाचनालयाच्या ओळी कोऱ्या आहेत. नवे खजिनदार वर्गणी वेळेवर गोळा करतात, माझ्यापेक्षा चांगली. ते पाहून थोडं खुपलं, हेही लिहून ठेवतो.