गाडी गेली पण

भाचीचा निरोप आला तेव्हा मी भाजी निवडत होते. आई गेले काही महिने दादाकडे न्यू जर्सीत होती आणि त्या दिवशी परत यायला निघणार होती. निघण्याआधी तिचा आवाज ऐकावा म्हणून मी दादाला फोन लावला, त्याने उचलला नाही. मग भाचीला निरोप धाडला, की आजीला फोन दे, बोलायचंय. उत्तर आलं: "आत्या, आजी आधीच गेली."

पोरीचं मराठी तिकडे राहून तिने जिद्दीने टिकवलेलं आहे. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण ते वाचून माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. "आजी गेली" याचा मराठीत पहिला अर्थ काय होतो ते कुणाला सांगायला नको, आणि त्यात "आधीच". म्हणजे आम्हाला कळण्याच्या आधी, कुणी पोचण्याच्या आधी. खरं म्हणजे दादा आईला विमानतळावर सोडायला गेला होता. भाचीच्या डोक्यात "ऑलरेडी" होतं आणि तिला शिकवलेलं मराठी तिने इमानाने त्याच्या जागी बसवलं. इथल्या कुणीही "आजी निघालीसुद्धा" म्हटलं असतं, आणि मी भाजी निवडत राहिले असते.

तेव्हापासून मला कराडच्या स्टँडवरचा तो कंट्रोलर सारखा आठवतो. मी लहान होते, अण्णांबरोबर चिपळूणला आत्याकडे जायचं होतं. कुंभार्ली घाटातून जाणारी गाडी. चौकशीच्या खिडकीपाशी गर्दी, आत खाकी कपड्यातला एक वयस्क माणूस, पुढ्यात भलीमोठी वही. अण्णांनी विचारलं, "चिपळूण लागली का?" त्याने वहीतून मान वर केली आणि म्हणाला, "गेली पण." एवढंच. अण्णांचा चेहरा उतरला, तो कंट्रोलरने पाहिला असावा, कारण लगेच म्हणाला, "दुसरी लागायचीय अजून. बसा."

"गेली पण" मधला हा "पण" म्हणजे "परंतु" नव्हे. "मी पण येते" मधला, म्हणजे "सुद्धा"च्या घरातला हा "पण" आहे. म्हणून "गेलीसुद्धा" म्हटलं तरी तोच अर्थ. तुम्ही लागण्याची वाट पाहताय, आणि इकडे लागणं तर झालंच, वर जाणंही उरकलं. अपेक्षेच्या पुढे घटना निघून गेली, हे सांगायला इंग्रजीला "ऑलरेडी" लागतं. मराठी ते काम क्रियापदाच्या शेपटाला दोन अक्षरं लावून करते.

त्या खिडकीपाशी त्या दिवशी आम्ही बराच वेळ बसून होतो आणि अशी वाक्यं ऐकत होतो. सांगलीची गाडी "आत्ताच गेली", म्हणजे धावलात तर कदाचित फाटकापाशी मिळेल. साताऱ्याची "केव्हाच गेली", म्हणजे धावू नका, विषय संपला. पाटणची "एव्हाना यायला हवी होती", म्हणजे कंट्रोलर स्वतःही काळजीत आहे. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. इंग्रजीत पहिलीला "जस्ट" मिळेल, तिसरीला "बाय नाऊ", पण "केव्हाच गेली" आणि आम्हाला मिळालेलं "गेली पण" ही दोन्ही "ऑलरेडी"च्या एकाच टोपलीत पडतील. उलटं भाषांतर करताना मात्र प्रत्येक वेळी विचारावं लागतं, की बोलणाऱ्याला नेमकं काय म्हणायचंय. अपेक्षेपेक्षा लवकर झालं? मग "आला पण", "झालंसुद्धा". होऊन फार वेळ लोटला? मग "केव्हाच", "कधीच". आत्तापर्यंत झालं असेल असा अंदाज आहे? मग "एव्हाना". आणि नुसतंच "काम उरकलंय, पुन्हा नको" असं सांगायचं असेल तर कुठलाही शब्द लागत नाही. पाहुणा ताटावर बसायला नको म्हणतो तेव्हा "मी आधीच जेवलोय" म्हणत नाही, "माझं जेवण झालंय" म्हणतो. "झालंय"मध्ये सगळं आलं.

"कधीच"ची तऱ्हा तर विलक्षण आहे. "तो कधीच गेला" म्हणजे जाऊन जमाना झाला, आणि "तो कधीच गेला नाही" म्हणजे आयुष्यात एकदाही गेला नाही. परक्याला मराठी शिकवताना इथे थांबून दोन्ही वाक्यं शेजारी ठेवावीत, नाहीतर पुढे घोटाळा ठरलेला.

माझा राग आहे तो "आधीच"वर. म्हणजे शब्दावर नव्हे, त्याला दिलेल्या नोकरीवर. शाळेत आमच्या फळ्यावर तीन ओळी लिहिलेल्या असायच्या: स्टिल म्हणजे अजून, येट म्हणजे अजून, ऑलरेडी म्हणजे आधीच. पहिल्या दोन बऱ्याच अंशी खऱ्या. तिसरीने पिढ्यान्‌पिढ्यांचं मराठी बिघडवलं. आज फोनच्या पडद्यावर वाचते, "या नावाची फाइल आधीपासूनच अस्तित्वात आहे." कोण बोलतं असं? "या नावाची फाइल आहेच" म्हटलं की झालं. एक "च" पुरतो. "आधीच"चा स्वतःचा संसार वेगळा आहे. एक तर तो क्रम सांगतो: "मी तुला आधीच सांगितलं होतं", म्हणजे तू चूक करण्यापूर्वी. आणि दुसरं म्हणजे, त्याचा खरा जीव आहे तो तक्रारीत: "आधीच उशीर झालाय, त्यात हा पाऊस." एका अडचणीवर दुसरी येऊन बसली की मराठी माणसाच्या तोंडून "आधीच" निघतो. म्हणून तर "आजी आधीच गेली" वाचून छाती धडधडते.

इथे मधेच एक वेगळी गोष्ट सांगते, कारण ती डोक्यातून जात नाही. झेबास्टिआन ल्योब्नर नावाच्या जर्मन भाषावैज्ञानिकाने 1989 साली जर्मनमधल्या "शोन" आणि "नोख" या शब्दांवर एक मोठा लेख लिहिला. शोन म्हणजे ऑलरेडी, नोख म्हणजे स्टिल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हे शब्द सुटे नाहीत, एकमेकांची उलटी बाजू आहेत. दिवा लागलेला आहे आणि तो विझण्याचा क्षण अजून यायचाय, ही एक स्थिती. दिवा नव्हता आणि आता लागला, ही दुसरी. "दिवा शोन लागलाय का?" याला नकार द्यायचा तर उत्तर "नोख नाही", म्हणजे आपलं "अजून नाही". आणि "दिवा नोख आहे का?" याला नकार द्यायचा तर "आता नाही". या चौकटीचे चार कोपरे भरायचे तर मराठीकडे "अजून" आहे, "अजून नाही" आहे, "आता नाही" आहे. चौथ्या कोपऱ्यात मात्र एक ठरलेला शब्द नाही, तिथे पण, सुद्धा, केव्हाच, एव्हाना आणि च अशी सगळी मंडळी आळीपाळीने उभी राहतात. जर्मन "नोख" आणि आपलं "अजून" आणखी एका बाबतीत भावंडं आहेत: दोघांनाही "आणखी एक" असा अर्थ आहे. पंगतीत "अजून वाढू का?" विचारतात ते यातलंच. इंग्रजीच्या "स्टिल"चा मूळ अर्थ निश्चल, न हलणारा. आणि "ऑलरेडी" म्हणजे "ऑल" आणि "रेडी", पूर्ण तयार, हे दोन शब्द एकत्र सांधले गेले.

शहरातली मुलं आता सर्रास म्हणतात, "मी ऑलरेडी सांगितलंय." पण "तो येट आला नाही" असं कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही. "स्टिल" येतो तो "तरीही"च्या अर्थाने, काळासाठी नाही. परका शब्द नेमका रिकाम्या कोपऱ्यात शिरला. मला या "ऑलरेडी"चा तितका राग येत नाही जितका "आधीपासूनच अस्तित्वात"चा येतो. तो निदान बोलणाऱ्याच्या जिभेवर बसलेला आहे.

"अजून"कडे मात्र इंग्रजीला न जमणारी गोष्ट आहे. आधी सोपं सांगते. "तो अजून आला नाही" आणि "तो अजूनही आला नाही" यांत दुसऱ्या वाक्यात वाट पाहणाऱ्याचा धीर सुटलेला आहे. इंग्रजीत तिथे येट जाऊन स्टिल येतो आणि नकाराच्या आधी बसतो. "अद्याप" वर्तमानपत्राचा, आरोपी "अद्याप फरार" असतो, घरात कुणी अद्याप जेवायचं राहत नाही. निघणाऱ्या पाहुण्याला थांबवायचं तर "अजून जाऊ नका" कानाला खटकतं. "एवढ्यात कुठे निघालात, बसा हो" म्हणायचं. हाच "एवढ्यात" पुढच्या काळात गेला की "येईल एवढ्यात" होतो, म्हणजे लवकरच.

पण मला सांगायचंय ते "अजून तरी"बद्दल. "अजून पाऊस नाही" असं शेतकरी जूनच्या अखेरीला म्हणतो, त्याला पाऊस हवा आहे. "अजून तरी पाऊस नाही" असं लग्नाचा मांडव घातलेला माणूस म्हणतो, त्याला तो नको आहे. इंग्रजीत दोघांचं वाक्य येट घालून एकच होईल. हवं की नको, हे मराठीत एका "तरी"ने उघड होतं.

अण्णा शेवटच्या आजारात इस्पितळात होते तेव्हा दादा तिकडे होता आणि मी रोज रात्री त्याला इंग्रजीत चार ओळी लिहून पाठवायचे, म्हणजे त्याच्या ओळखीच्या तिथल्या डॉक्टरला दाखवता याव्यात. शस्त्रक्रियेनंतर ताप चढतो का यावर सगळ्यांचं लक्ष होतं. आईने सांगितलं, लिही, अजून तरी ताप नाही. मी थबकले. "नो फीव्हर येट" लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार की ताप वाटेतच आहे, येऊन पोचायचा तेवढा राहिलाय. "स्टिल नो फीव्हर" लिहिलं तर जणू आम्ही तापाची वाट पाहून थकलोय. शेवटी "सो फार" लिहिलं, आणि आईला समजावं म्हणून मराठीत वाचून दाखवलं: आत्तापर्यंत ताप नाही.

आई म्हणाली, "आत्तापर्यंत नको म्हणूस. आत्तापर्यंत म्हटलं की पुढचं कुणी विचारायच्या आत संपल्यासारखं वाटतं. अजून तरी म्हण."

मी म्हटलं, "आई, इंग्रजीत ते निघत नाही."

"मग दादाला मराठीत पण लिही," ती म्हणाली.