तपासणी केली म्हणून बोनस जातो का?

तीन वर्षं आम्ही भावंडांनी आरोग्य विम्यातली फुकटची वार्षिक तपासणी तशीच सोडून दिली. अब्बांचं एकच म्हणणं, "कंपनीकडे काही मागितलं की बोनस गेलाच समजा." विमा 5 लाखांचा, साऱ्या घराला मिळून एक. दावा न केलेल्या दर वर्षाला 10 टक्के, म्हणजे 50 हजारांचं संरक्षण वाढायचं. तीन वर्षांत साडेसहा लाख झाले होते. रक्ताच्या तपासणीपायी ते कोण घालवणार?

चौथ्या वर्षी अम्मींची तपासणी करायचं ठरवलं, तीही चुकीच्या वाटेने. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये 1,800 रुपये भरले आणि बिल नेहमीच्या दाव्याच्या फॉर्मला जोडून पाठवलं. रुग्णालयात भरती नाही, म्हणून दावा नामंजूर. एका ओळखीच्या गृहस्थांनी तर सुचवलं, "एक रात्र भरती करा, सगळ्या तपासण्या त्यात बसतील." बोनस जाण्याची खरी वाट हीच! तो सरळ दावा ठरतो. शिवाय नुसत्या तपासण्यांसाठी केलेल्या भरतीचे पैसे विम्यात मिळतच नाहीत.

मग पॉलिसीचे कागद काढले. 'आरोग्य तपासणी' या कलमातच लिहिलं होतं की, या लाभामुळे बोनसवर परिणाम होणार नाही. अट एवढीच की, आधी कंपनीकडे नोंदणी करायची, त्यांच्या यादीतल्या लॅबमध्ये जायचं आणि ठरलेल्या तपासण्याच करायच्या. जास्तीची तपासणी केली तर पैसे आपले. पॉलिसीचं वर्ष संपलं की त्या वर्षाचा लाभही संपला, पुढे सरकत नाही. सगळ्या पॉलिसी अशा नसतात. काहींत बिल दिल्यावर पैसे परत मिळतात, काही जुन्या पॉलिसींत चार वर्षं दावा नसेल तरच तपासणी. त्यामुळे आपलं कलम आपणच वाचावं.

आमची मुदत रमजानमध्ये संपत होती. लॅबवाल्याला उपाशीपोटी रक्त सकाळीच हवं होतं, सहरीनंतर ते कसं जमणार? म्हणून शाबानमध्येच नोंदणी केली. लॅबच्या पावतीवर रक्कम शून्य होती.

कोपऱ्यावरच्या लॅबने नुसती उपाशीपोटीची साखर पाहिली होती, ती थोडीच वाढलेली होती. या वेळी तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा 7.4 आला. साडेसहा किंवा त्याहून जास्त असला की मधुमेह धरतात. अम्मी गप्प झाल्या. अब्बांना नवीच धास्ती, "आता कंपनी विमा बंद करील." तसं होत नाही. आजार पॉलिसी घेतल्यानंतर निघाला, तेव्हा त्या कारणाने नूतनीकरण नाकारता येत नाही. मात्र विम्याची रक्कम वाढवायला गेलो तर हा मधुमेह लिहून द्यावा लागेल.

नूतनीकरणाचा कागद आला तेव्हा अब्बांनी चष्मा लावून आधी बोनसचा रकाना शोधला. 2 लाख. मग म्हणाले, "तीन वर्षांपूर्वीच केली असती तर..." अम्मींनी चहाचा कप पुढे केला, बिनसाखरेचा.