क्षमेच्या आधीचं भांडण

चार धर्मग्रंथांतून क्षमेवरचं एकेक वचन उचलायचं, ते एका कागदावर एकाखाली एक छापायचं आणि अभ्यासमंडळापुढे ठेवायचं, ही तौलनिक अभ्यासातली सर्वांत रुळलेली आणि सर्वांत निरुपयोगी पद्धत आहे. असा कागद हातात पडला की पहिल्या दहा मिनिटांतच कुणीतरी म्हणतं, "शेवटी सगळे धर्म एकच सांगतात." बाकीचे माना डोलावतात आणि चहा येतो. धर्मग्रंथांचं अध्यापन आणि अशा मंडळांचं चालकत्व दोन्ही करत आलो असल्यामुळे मला ते वाक्य धोक्याच्या घंटेसारखं ऐकू येतं. वचन त्याच्या जागेवरून उपटलं गेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

क्षमेचं वचन कुठल्याही ग्रंथात एकटं येत नाही. त्याच्या आधी एक भांडण असतं, कुणाचा तरी अपराध असतो आणि पुष्कळदा शिक्षेची तरतूदही असते. म्हणून मंडळासाठी उतारा निवडताना मी वचनाच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर धरून तो घेतो आणि बैठकीत आधी फक्त भांडण सांगतो. ग्रंथाचं नाव सांगत नाही. अपराध कुणी केला, शिक्षा करण्याची ताकद कुणाकडे होती, माफी कुणी मागितली होती का, एवढं कळल्यावर लोक आपापला निवाडा देतात. मग ग्रंथ उघडायचा. नाव आधी सांगितलं, तर प्रत्येक जण आपल्या ग्रंथाचा वकील होऊन बसतो. वाक्यं "आमच्यात असं आहे" अशी सुरू व्हायला लागली की चर्चा संपली म्हणून समजावं.

धम्मपदाचं उदाहरण घ्या. पहिल्याच वर्गातल्या तिसऱ्या ते सहाव्या गाथा सगळ्यांना ठाऊक असतात: शिवी दिली, मारलं, लुबाडलं हे मनात घोळवत बसणाऱ्याचं वैर शमत नाही आणि वैरानं वैर कधीच मिटत नाही. याच गाथा मज्झिमनिकायातल्या उपक्किलेस सुत्तात येतात आणि तिथे त्यांचा प्रसंगही दिला आहे. कोसंबीच्या भिक्षूंचं भांडण. विनयपिटकाच्या महावग्गात ते सविस्तर आहे. एका भिक्षूला दोषी ठरवून संघानं बहिष्कृत केलं. आपण दोषी नाही, असं त्याचं म्हणणं. बघता बघता संघाचे दोन तट पडले. दोष नेमका कोणता, हे अट्ठकथा सांगते: शौचाला जाऊन आल्यावर भांड्यात पाणी उरवून ठेवलं होतं! मंडळात इथे हशा पिकतो आणि मी तो पिकू देतो. घराघरांतली, सोसायट्यांतली भांडणं कशावरून पेटतात हे सगळ्यांना माहीत असतं.

बुद्धांनी या भिक्षूंना दीघावू राजपुत्राची कथा सांगितली. काशीच्या ब्रह्मदत्त राजानं कोसलच्या दीघीती राजाचं राज्य घेतलं आणि पुढे राजाराणीला ठार केलं. मरताना बापानं मुलाला वैर न वाढवण्याचं बजावलं. मुलगा ओळख लपवून ब्रह्मदत्ताच्या सेवेत शिरला, विश्वासातला झाला. एकदा शिकारीत सगळे मागे पडले आणि राजा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. दीघावूनं तलवार उपसली, पुन्हा म्यान केली, पुन्हा उपसली. शेवटी राजाला जाग आली आणि दोघांनी एकमेकांना जीवदान दिलं. राजानं त्याला बापाचं राज्य परत केलं आणि मुलगीही दिली.

कथा इथे संपवणारे लोक तिची मजा घालवतात. कारण महावग्गात पुढे असं आहे की भिक्षूंनी ऐकलंच नाही. भगवंतांनी निश्चिंत राहावं, भांडणाचं आम्ही बघून घेऊ, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं आणि बुद्ध कोसंबी सोडून निघून गेले. भांडण मिटवलं ते कोसंबीच्या उपासकांनी. त्यांनी या भिक्षूंना वंदन करणं थांबवलं, भिक्षा देणं थांबवलं. पोटाला चिमटा बसल्यावर दोन्ही तट श्रावस्तीला बुद्धांकडे गेले. बहिष्कृत भिक्षूनं दोष मान्य केला, त्याला रीतसर परत घेतलं गेलं आणि मग संघाची एकी जाहीर झाली. म्हणजे गाथा मनातल्या वैराबद्दल बोलते, पण संघातलं भांडण मिटायला दोषाची कबुली लागली, विधी लागला आणि गावाचा दबावही लागला. गाथा एकटी छापली की हे सगळं गळून पडतं.

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायाचं असंच होतं. भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, असं पेत्र विचारतो आणि येशू तो आकडा सत्तरच्या पटीत नेतो. हे सर्वांना पाठ असतं. पण त्याच अध्यायात, पेत्राच्या प्रश्नाच्या अगदी आधी, पंधराव्या ते सतराव्या वचनांत एक कार्यपद्धती दिली आहे: आधी अपराध्याला एकांतात गाठून बोल, ऐकलं नाही तर एकदोन साक्षीदार ने, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग, मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका समज. आणि प्रश्नानंतर येतो तो निर्दय चाकराचा दृष्टांत. चाकराचं राजाकडचं देणं दहा हजार तालंत. एक तालंत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. हिशेब केला तर ते दीड लाखाहून जास्त वर्षांच्या मजुरीचं कर्ज होतं. राजा ते माफ करतो. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या मजुरीसाठी, सोबत्याचा गळा धरतो. शेवट असा की राजा दिलेली माफी मागे घेतो. दिलेली क्षमा परत घेता येते का, हा प्रश्न इथे मंडळापुढे टाकावा. लूकच्या सतराव्या अध्यायात तर अपराध्याला आधी दटावायला सांगितलं आहे आणि त्यानं पश्चात्ताप केला तर क्षमा करायला. मत्तयमधल्या पेत्राच्या प्रश्नात ही अट नाही. एकाच परंपरेतल्या दोन वचनांत हा फरक आहे, तर चार परंपरा एकच सांगतात हे इतक्या सहज कसं म्हणणार?

कुराणातून बहुतेक लोक बेचाळिसाव्या सूरेतली चाळिसावी आयत घेतात. वाइटाचा बदला तितकंच वाईट, पण जो माफ करेल आणि समेट करेल त्याचं फळ अल्लाहकडे, असा तिचा आशय. ही आयत एकोणचाळीस ते त्रेचाळीस अशी सलगच वाचावी. आधीची आयत अन्याय झाल्यावर स्वतःचा बचाव करणाऱ्यांची वाखाणणी करते, नंतरची सांगते की अन्याय सोसून मग प्रतिकार करणाऱ्याला दोष नाही आणि त्यानंतरची दोष जुलूम करणाऱ्यावर ठेवते. पुन्हा शेवटी धीर धरून माफ करण्याची थोरवी येते. बदल्याचा हक्क शाबूत आहे आणि तो असतानाच क्षमेला वरचं स्थान दिलं आहे.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते चोविसाव्या सूरेतल्या बाविसाव्या आयतीच्या प्रसंगातून दिसतं. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्यावर मदिनेत बालंट आलं. ते पसरवणाऱ्यांत मिस्तह नावाचा गृहस्थ होता, बद्रच्या लढाईत लढलेला. तो आयेशांचे वडील अबू बक्र यांच्याच नात्यातला, गरीब आणि त्यांच्याच मदतीवर जगणारा. मुलीची बदनामी करणाऱ्याला यापुढे काही देणार नाही, अशी शपथ अबू बक्र यांनी घेतली. त्यावर ही आयत आली: ऐपत असलेल्यांनी नातलगांना, गरिबांना देणं बंद करण्याची शपथ घेऊ नये, माफ करावं, अल्लाहनं आपल्याला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बक्र यांनी मदत पुन्हा सुरू केली. पण याच सूरेतली चौथी आयत शीलवान स्त्रीवर चार साक्षीदारांशिवाय आळ घेणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगते. शिक्षेचं कलम जागेवरच आहे. माफी मागितली आहे ती बापाकडून, आणि तिचं रूप अगदी रोकडं आहे: बंद केलेला पैसा चालू करणं.

आता महाभारत. इथे मी मुद्दाम रेंगाळतो. क्षमा हाच धर्म, क्षमा हाच यज्ञ, या आशयाचे वनपर्वातले श्लोक सुभाषितसंग्रहांत हमखास असतात. पण ते व्यासांचे निवाडे नाहीत. ते युधिष्ठिराचं उत्तर आहे, काश्यपाच्या गाथेच्या आधारानं दिलेलं, आणि ज्या प्रश्नाचं ते उत्तर आहे तो द्रौपदीचा आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हे आरण्यकपर्वाचे 29 आणि 30 हे अध्याय. इतर आवृत्त्यांत आकडा मागेपुढे होतो, म्हणून कागदावर आवृत्ती लिहायला विसरू नये.

वनवास नुकताच सुरू झाला आहे. सभेत जिची विटंबना झाली ती द्वैतवनात नवऱ्याला विचारते आहे की तुला राग कसा येत नाही? ती प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद सांगते. नातू विचारतो, क्षमा श्रेष्ठ की तेज? प्रल्हाद म्हणतो, नेहमी तेजही बरं नाही आणि नेहमी क्षमाही बरी नाही. सदा क्षमा करणाऱ्याला नोकरसुद्धा जुमानत नाहीत, त्याच्या वस्तू परस्पर वापरतात, त्याला टाकून बोलतात. सदा रागावणाऱ्याचे मित्र तुटतात. मग क्षमा कुणाला? ज्यानं पूर्वी उपकार केले त्याला मोठा अपराधही माफ. अजाणता घडलेला अपराध, चौकशी करून खात्री झाल्यावर, माफ. पहिला अपराध प्रत्येकाचा माफ. दुसऱ्यांदा केला तर तो लहान असला तरी शिक्षा. जाणूनबुजून करून वर "माहीत नव्हतं" म्हणणाऱ्यालाही शिक्षा. देश, काळ आणि आपलं बळ पाहून ठरवावं. या कसोट्या लावून द्रौपदी निष्कर्ष काढते की कौरवांच्या बाबतीत क्षमेची वेळ उलटून गेली आहे.

युधिष्ठिराचं उत्तर सुंदर आहे, पण ते या कसोट्यांना भिडत नाही. तो रागाचे दुष्परिणाम सांगतो, पृथ्वीसारखे क्षमाशील लोक नसते तर जगात सलोखा उरला नसता असं सांगतो. कौरवांचा अपराध पहिला होता की कितवा, यावर तो बोलत नाही. द्रौपदीचं समाधान होत नाही. ती पुढे थेट विधात्यालाच दोष देते आणि मग भीम तिच्या बाजूनं बोलायला उठतो. माझ्या मते वादात द्रौपदी जिंकते. मंडळातल्या पुरुषांना हे पटायला वेळ लागतो. बायकांना लागत नाही.

चारही उतारे एकाच तराजूत घालू नयेत, हेही सांगून ठेवतो. मत्तयमधला प्रसंग मूळ ग्रंथातच आहे. मिस्तहचं नाव आयतीत नाही, ते हदीसमधून येतं. कोसंबीचा तंटा विनयपिटकात आहे, पण भांड्यातलं पाणी फक्त अट्ठकथेत. महाभारतात तर बोलणारी पात्रं आहेत आणि ती एकमेकांना खोडतात. कुठला भाग ग्रंथाचा आणि कुठला परंपरेचा हे कागदावर वेगळं दाखवलं नाही, तर पुढची सगळी बैठक त्यावरच्या तंट्यात जाते.

नवं मंडळ सुरू करणार असाल तर पहिल्या बैठकीला चारही ग्रंथ घेऊ नका. वनपर्वातले ते दोन अध्याय घ्या, द्रौपदीचा भाग एकानं आणि युधिष्ठिराचा दुसऱ्यानं मोठ्यानं वाचा. दोन तास पुरत नाहीत. मिस्तह, पेत्र आणि कोसंबीचे भिक्षू पुढच्या बैठकांना येऊ द्या.